दोन मिलिमीटरची पायरी: महाद्वार रोडवरच्या एका पाटीचं प्रकरण

दिवाळीच्या आधी कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या एका बोळातले चप्पलवाले काका काखेत फ्लेक्सच्या दोन गुंडाळ्या घेऊन माझ्या लक्ष्मीपुरीतल्या डिझाइनच्या दुकानात आले. गुंडाळ्या जमिनीवर टाकल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "दादा, ह्या बघा. पैलं करवतीगत दिसायलंय आणि दुसरं चष्मा इसरल्यागत. त्येंचं मशीनच बाद हाय, दुसरं काय."

दोन्ही फ्लेक्स 20 फूट बाय 4 फुटांचे, दुसरीकडून करून घेतलेले. डाव्या टोकाला पाटीच्या पूर्ण उंचीइतका, म्हणजे 4 फुटांचा गोल लोगो: मरून वर्तुळ, आत पांढऱ्या रंगात पायताणांची जोडी, भोवती गोलाकार नाव. पहिल्या फ्लेक्सवर वर्तुळाच्या कडेला चक्क जिना तयार झाला होता. बाजूला छापलेला मोबाइल नंबर मात्र धारदार होता. त्यावरूनच मशीन निर्दोष ठरत होतं. एकाच हेडनं, एकाच वेळी, एकाच कापडावर छापलेल्या दोन गोष्टींपैकी एक स्वच्छ आणि दुसरी दातेरी असेल, तर दोष शाईत किंवा हेडात शोधण्यात अर्थ नाही. तो फाइलमध्ये असतो.

फाइल काकांकडं नव्हती. पण तिचा माग फ्लेक्सवरच होता. मी स्टीलची पट्टी घेऊन गुडघ्यावर बसलो आणि वर्तुळाची कड जिथं बरोबर तिरकी जाते, तिथल्या पायऱ्या मोजल्या. दहा पायऱ्यांना 19 मिलिमीटर, म्हणजे एका पायरीला 1.9. चार फूट म्हणजे 1219 मिलिमीटर, त्याला 1.9 नं भागलं की 641 येतात. मी काकांना विचारलं, "लोगो तुम्ही व्हॉट्सअॅपच्या डीपीवरनं काढून दिला काय?"

काका माझ्याकडं बघतच राहिले. त्यांच्या पोरानं खरोखरच दुकानाच्या नंबरचा डीपी सेव्ह करून पाठवला होता. तो 640 बाय 640 पिक्सेलचा जेपेग होता. फ्लेक्सवर 1.9 मिलिमीटरचा जो प्रत्येक चौकोन दिसत होता, तो त्या डीपीतला एकेक पिक्सेल.

रास्टर चित्र म्हणजे रंगीत चौकोनांचं जाळं. त्या फाइलमध्ये "इथं वर्तुळ आहे" असं कुठंच लिहिलेलं नसतं. पहिल्या ओळीतला पहिला चौकोन पांढरा, दुसरा पांढरा, तिसरा फिकट गुलाबी, चौथा मरून, अशी 4 लाखांवर चौकोनांची नुसती यादी असते. मोबाइलवर ते चौकोन इतके बारीक असतात की डोळा त्यांतून वर्तुळ जुळवून घेतो. कडेचे फिकट गुलाबी चौकोन त्याला मदत करतात, कारण ते दोन रंगांच्या मधला रंग घेऊन कड मऊ दाखवतात. तेच चौकोन चार फुटांवर ताणले की संख्या तेवढीच राहते आणि प्रत्येकाची बाजू जवळजवळ 2 मिलिमीटर होते. छपाईच्या मशीनला फाइल पोचवणाऱ्या रिप सॉफ्टवेअरनं इथं प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा मोठा केला होता. म्हणून जिना.

दुसरा फ्लेक्स त्या जिन्यावरच्या उपायातून जन्मला होता. पोरानं फोटोशॉपमध्ये फाइल उघडली, 72 च्या जागी 300 टाकलं आणि Resample ची खूण तशीच ठेवून परिमाणं वाढवली. आता पिक्सेल भरपूर झाले, पण नवे पिक्सेल आले कुठून? प्रोग्रॅमनं शेजारच्या दोन जुन्या पिक्सेलांच्या मधले रंग काढून जागा भरली. मरून आणि पांढऱ्याच्या मध्ये जिथं एक गुलाबी चौकोन होता, तिथं आता गुलाबीच्या छटांचा रुंद पट्टा आला. जिना गेला आणि धूर आला. Resample ची खूण काढून 300 टाकलं असतं तर चित्रात काहीच बदललं नसतं, फक्त "हे चित्र 2 इंचांत छापा" एवढी चिठ्ठी बदलली असती. "डीपीआय वाढवून द्या" ही मागणी माझ्याकडं आठवड्यातून चारदा येते आणि दरवेळी मला हेच सांगावं लागतं.

दुसऱ्या फ्लेक्सवर आणखी एक खूण होती, जी काकांना दिसली नव्हती. मरून रंगात सुमारे 15 मिलिमीटरचे अंधूक चौकोन आणि पांढऱ्या अक्षरांभोवती मळकट ठिपके. जेपेग चित्र साठवताना त्याचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातला बारीकसारीक तपशील टाकून देतो. आठ गुणिले 1.9, म्हणजे 15.2. फोटोत ही काटछाट लपून जाते. लोगोत सपाट रंगाच्या शेजारी एकदम धारदार कड असते, म्हणून तिथं ती हमखास उघडी पडते.

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग हायवेवरची एवढी मोठी होर्डिंगं फोटोचीच असत्यात की. ती कशी बरी दिसत्यात?" अंतरामुळं. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. त्या हिशेबानं 1.9 मिलिमीटरची पायरी साधारण साडेसहा मीटरच्या, म्हणजे 21 फुटांच्या पलीकडं दिसेनाशी होते. हीच पाटी कावळा नाक्याजवळ शंभर फुटांवरून बघायची असती, तर डीपीवरसुद्धा निभावलं असतं. पण काकांचा बोळ पंधरा फुटांचा, आणि गिऱ्हाईक पाटीखालीच चपला काढून उभं राहणार. शिवाय फ्लेक्स ही तात्पुरती सोय होती. पक्क्या पाटीवर नावाची अक्षरं अॅक्रिलिकमधून कापून आत एलईडी बसवायचे होते. कापणाऱ्या राउटरला रंगीत चौकोनांचा काही उपयोग नसतो. त्याला टूल कुठून कुठं फिरवायचं ती रेघ लागते, आणि जेपेगमध्ये रेघ नसतेच.

रेघ असते ती व्हेक्टर फाइलमध्ये. काकांच्या लोगोतलं वर्तुळ एसव्हीजीमध्ये लिहिलं तर एवढंच होतं:

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg" viewBox="0 0 100 100">
  <circle cx="50" cy="50" r="48" fill="#7B1E1E"/>
</svg>
```

मध्यबिंदू 50, 50 वर, त्रिज्या 48, रंग मरून. बोटाच्या नखावर छापा नाहीतर भिंतीवर, हे आकडे बदलत नाहीत. छापायच्या वेळी, त्या आकाराला जेवढे ठिपके लागतील तेवढे नव्यानं मोजून कड आखली जाते. पायताणासारख्या वळणदार आकाराला बेझिए वक्र वापरतात. दोन टोकं आणि त्यांना जोडलेल्या दोन दांड्या, एवढ्यावर वळण ठरतं. या वक्रांना ज्यांचं नाव मिळालं ते पिएर बेझिए रेनो कंपनीत इंजिनिअर होते आणि 1960 च्या दशकात मोटारीच्या पत्र्याची वळणं बिनचूक लिहून ठेवण्यासाठी त्यांनी ही पद्धत वापरली. वळण आकड्यांत सापडलं की त्याला माप नसतं, ते कितीही वाढवा.

दुसऱ्या दिवशी पोरगा स्वतः आला. "दादा, कोरलमध्ये ट्रेस मारला की झालं की व्हेक्टर." मी त्याच्यासमोरच डीपी घेतला आणि कोरल या रेखाटनाच्या प्रोग्रॅममधलं, चित्रावरून आपोआप रेघा काढणारं PowerTRACE चालवलं. पडद्यावर लहान दिसत होतं तोवर छानच वाटलं. मग मी शेप टूलनं वर्तुळावर क्लिक केलं आणि खाली स्टेटस बारमध्ये बघायला सांगितलं: 73 नोड, म्हणजे कड ज्यांच्यावर बांधलेली असते ते बिंदू. वर्तुळाला चार पुरतात. ट्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला हे वर्तुळ आहे हे ठाऊक नसतं. तो पिक्सेलच्या पायऱ्यांवरून हात फिरवत जातो आणि प्रत्येक चढउतारापाशी एक नोड ठोकतो. चार फुटांवर नेल्यावर वर्तुळ बटाट्यासारखं झालं. कडा आता कितीही मोठ्या केल्या तरी धारदार होत्या, पण धारदार आणि चुकीच्या. माझ्या मते हा सगळ्यांत फसवा प्रकार, कारण फाइल खरोखरच व्हेक्टर असते आणि तपासणीत पास होते.

खरी हानी लहान अक्षरांत होती. लोगोच्या खालच्या कमानीत "कोल्हापूर" हा शब्द डीपीत जेमतेम 16 पिक्सेल उंच होता. त्यात 'ल्ह' जोडाक्षर, शिरोरेखा, वर काना-मात्रा आणि खाली ऊकार बसवायचे. 'पू'चा ऊकार दोन-तीन पिक्सेलांत उरकलेला. ट्रेसनं तो दीर्घ केला नाही, ऱ्हस्वही केला नाही, नुसता थेंब केला. जी माहिती पिक्सेलांत उरलीच नव्हती ती ट्रेसला मिळणार कुठून?

मी पोराला विचारलं की हा लोगो मुळात कुणी काढला. त्याला माहीत नव्हतं. काकांना फोन लावला. ते म्हणाले, "आमच्या वडलांच्या काळची पत्र्याची पाटी हाय माळ्यावर. पेंटरनं हातानं रंगवलेली. डीपी त्याचाच फोटो हाय." हे आधी कळलं असतं तर एक दिवस वाचला असता. आता मी नवीन काम घेताना पहिला प्रश्न हाच विचारतो: या चित्राचं मूळ कुठंय?

पाटी खाली उतरवली आणि ओल्या फडक्यानं पुसली. जवळ जाऊन फोटो काढला की वर्तुळ अंड्यासारखं येतं, म्हणून बोळाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून, मोबाइल पाटीच्या मध्याशी धरून आणि थोडा झूम करून फोटो काढले. 4000 बाय 3000 पिक्सेलचे फोटो मिळाले. पोरानं ते नेहमीच्या सवयीनं गॅलरीतून पाठवले आणि माझ्याकडं आकसून आले. मग पुन्हा Document म्हणून पाठवायला लावले. असं पाठवलं की फाइल जशीच्या तशी पोचते.

हा फोटोही रास्टरच, पण आता तो छापायचा नव्हता, खाली ठेवून त्याच्यावरून गिरवायचा होता. कोरलमध्ये वेगळ्या लेयरवर फिका करून लॉक केला. वर्तुळ ट्रेस न करता इलिप्स टूलनं Ctrl दाबून काढलं. पायताणाची कड बेझिए टूलनं घेतली. नोड ठेवायचे ते वळणाच्या अगदी टोकांवर, म्हणजे आकार सर्वांत वर, खाली, डावीकडं, उजवीकडं जिथं पोचतो तिथं. मधलं वळण दांड्या ओढून बसवायचं. एका पायताणाला, कान आणि अंगठ्यासकट, 31 नोड लागले.

एक पायताण झाल्यावर मी ते आरशासारखं उलटवून जोडी करणार होतो. काकांनी थांबवलं. "डावं जरा बुटकं हाय बघा. पेंटरचा हात. ते तसंच ऱ्हाऊ द्या." डावं वेगळं काढलं. वेळ गेला, पण त्यांचं बरोबर होतं. तो बुटकेपणा म्हणजेच त्यांच्या दुकानाची ओळख होती.

मग माझी चूक. पट्ट्यावरची शिलाई मी 1.5 मिलिमीटर जाडीच्या आउटलाइननं काढली, कारण मी 8 इंची आकारात काम करत होतो आणि तिथं ती शोभत होती. लोगो सहापट करून 4 फुटांवर नेला आणि एक तुकडा कागदावर पूर्ण मापात छापून बघितला, तर शिलाई सुतासारखी बारीक. ती 9 मिलिमीटर व्हायला हवी होती आणि 1.5 च राहिली होती. कोरलमध्ये आउटलाइनच्या पेटीत Scale with object ही खूण नसेल, तर आकार वाढतो आणि रेघेची जाडी तिथंच राहते. लोगोपुरता पक्का इलाज म्हणजे Ctrl+Shift+Q. त्यानं रेघेचाच आकार बनतो आणि मग ती बाकीच्यांबरोबर वाढते. व्हेक्टर असूनही लोगो बिघडतो, तो असा.

नाव पेंटरच्या वळणाचंच गिरवलं. त्याखालची "कोल्हापुरी चप्पल" ही ओळ मात्र काकांना जाड, छापील अक्षरांत हवी होती. ती माझ्याकडच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली आणि Ctrl+Q दाबून कर्व्ह केली, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघा केल्या. हे विसरलं तर काय होतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: पुढच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो.

कर्व्ह केलेली फाइल उद्यमनगरातल्या राउटरवाल्याला पाठवली. दहा मिनिटांत त्याचा फोन. "दादा, शिरोरेषेत आडवं कापणार हे. प्रत्येक अक्षरापाशी." चूक परत माझीच. मराठी फॉन्टात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेखेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढतात. छापताना एकच रेघ दिसते, कारण रंग रंगावर बसतो. पण राउटर रंग बघत नाही, कड बघतो. आणि चढलेल्या प्रत्येक जागी त्याला दोन कडा दिसतात. सगळी अक्षरं निवडून Weld केलं की शब्दाची बाहेरची कड एकच होते. Wireframe मध्ये आधी एकदा बघितलं असतं तर हा फोन आला नसता. त्या दृश्यात रंग जातात आणि नुसत्या कडा उरतात, त्यामुळं शिरोरेखेतल्या उभ्या रेघा लगेच डोळ्यांत भरतात.

तेच Wireframe दुसऱ्या एका फसवणुकीलाही उपयोगी पडतं. पोरानं मधेच एक पीडीएफ आणून दिली होती, "हे घ्या, व्हेक्टर मिळालं" म्हणत. Wireframe मध्ये पायताणाची रेघ नाही, वर्तुळाची नाही, फक्त एका चौकोनी चौकटीतलं चित्र दिसलं. तोच डीपी कुणीतरी पीडीएफमध्ये गुंडाळला होता. पीडीएफ काय, ईपीएस काय, .cdr काय, या पिशव्या आहेत. आत रेघा भरल्यात की जेपेग, ते पिशवीच्या नावावरून कळत नाही.

पाटीच्या उजव्या टोकाला कापशी चपलेच्या जोडाचा फोटो होता, 4 फूट रुंद. पोरगा आता इतका पेटला होता की म्हणाला, "ह्येबी व्हेक्टर करू." नको. कातड्याचा पोत, तेल पाजल्यावरची चमक, वेणीच्या आतली सावली, यांत रंग पिक्सेलागणिक बदलतो. तो रेघांत पकडायला गेलं की हजारो ठिगळं होतात आणि चप्पल रांगोळीसारखी दिसते. हा फोटो मूळ 4000 पिक्सेल रुंद, म्हणजे 48 इंचांत इंचाला 83 पिक्सेल आणि एका पिक्सेलची बाजू 0.3 मिलिमीटर. पाटीला ते पुरून उरतं. तो रास्टरच राहिला.

काकांना सणापुरता फ्लेक्स पुन्हा हवाच होता. तो छापायला दिलेली फाइल शेवटी रास्टरच होती, हे पोराला पटेना. पूर्ण मापात, इंचाला 72 पिक्सेलनं, सीएमवायके टिफ: 17280 बाय 3456 पिक्सेल, न दाबता साधारण 240 एमबी. मशीन शेवटी ठिपकेच मारतं. फरक इतकाच, की हे पिक्सेल 640 च्या डीपीवरून ताणलेले नव्हते. रेघांवरून, वीस फुटांच्या मापाला, नव्यानं मोजलेले होते. फ्लेक्स आल्यावर काकांनी माझीच स्टीलची पट्टी मागून घेतली आणि वर्तुळाच्या कडेला लावून बघितली. पायरी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे चार फुटांवरूनच दिसेनाशी.

नंतर पोराला एक फोल्डर दिलं: मूळ .cdr, सगळं कर्व्ह केलेली पीडीएफ, वेबसाइटसाठी एसव्हीजी, आणि डीपीला व स्टेटसला 2000 पिक्सेलचा पारदर्शक पीएनजी. फोल्डरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "छापायला पीडीएफ द्यायची, पीएनजी नाही."

पंधरा दिवसांनी फोन आला तो डाय बनवणाऱ्याचा. काकांनी तीच पीडीएफ चपलेच्या तळव्यावर मारायच्या शिक्क्यासाठी त्याला दिली होती. लोगो 18 मिलिमीटरचा. पाटीवर 9 मिलिमीटर असलेली शिलाई तिथं 0.13 मिलिमीटरवर आली होती. फाइलमध्ये ती अजूनही धारदार होती, पण पितळेत एवढी बारीक खाच उठत नाही, आणि उठली तरी कातडं गरम शिक्क्याखाली दाबलं की ती बुजते. मी शिलाई आणि खालची कमान काढून टाकली, पट्टे थोडे जाड केले, दोन पायताणांमधली फट वाढवली आणि फक्त शिक्क्यासाठी दुसरी फाइल करून दिली. डावं पायताण तिच्यातही बुटकंच आहे.